मेंदूकडे धावणारं रक्त

पहिलं बाळंतपण सुखरूप झालं, पण अँटी-डीचं इंजेक्शन राहून गेलं. बाई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. दुसऱ्या खेपेला विसाव्या आठवड्यात इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी झाली, तेव्हा अँटिबॉडींचा टायटर १:८ होता. आता ते इंजेक्शन देऊन उपयोग नव्हता. आईचं शरीर बाळाच्या तांबड्या पेशींना एव्हाना ओळखू लागलं होतं. हे उदाहरण रचलेलं आहे, पण अशा गरोदरपणाची वाट साधारण हीच असते.

चोविसाव्या आठवड्यात टायटर १:३२ झाला. म्हणजे आईचं रक्त बत्तीसपट पातळ केलं, तरी अँटिबॉडी दिसत होत्या. बहुतेक प्रयोगशाळा १:१६ किंवा १:३२ ला धोक्याची रेषा मानतात. पण बाळाचं रक्त किती कमी झालंय, हे टायटर सांगत नाही. बाळाकडे नीट पाहायला लागा, एवढंच तो सांगतो. आधीच्या बाळाला हा त्रास होऊन गेला असेल, तर तेवढाही भरवसा उरत नाही; मग टायटरची वाट न पाहता सोनोग्राफीच सुरू करतात.

पूर्वी बाळाचा अंदाज घ्यायला पोटात सुई घालून गर्भजल काढावं लागे. जियानकार्लो मारी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं की, बाळाच्या मेंदूतल्या मधल्या धमनीतला रक्ताचा वेग डॉप्लरवर मोजला, तरी तीव्र रक्तक्षय ओळखता येतो. पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होतं, हृदय जास्त रक्त ढकलतं आणि धार जोरात वाहते. त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपट वेग ही मर्यादा. मोजताना बाळ शांत हवं आणि ध्वनिलहरी धमनीच्या रेषेतच जायला हव्यात. तिरपं मोजलं तर वेग खोटाच कमी दिसतो, आणि ही चूक बाळाला महागात पडते.

आपल्या उदाहरणात चोविसाव्या आठवड्यात वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर होता, मर्यादा ४६. डॉक्टर थांबले. सव्विसाव्या आठवड्यात मर्यादा ५०, वेग मात्र ५८. आता सुई टाळणं योग्य नव्हतं. नाळेच्या शिरेतून घेतलेल्या नमुन्यात तांबड्या पेशींचं प्रमाण २१ टक्के निघालं. ३० च्या खाली रक्त देतात. बाळाचं वजन साधारण ९०० ग्रॅम. आईच्या रक्ताशी जुळवलेलं, विकिरण केलेलं, ओ निगेटिव्ह दाट रक्त जेमतेम ३६ मिलिलिटर दिलं आणि प्रमाण चाळिशीपर्यंत आलं.

हे एकदाच करून भागत नाही. प्रमाण रोज अंदाजे एक टक्क्यानं उतरतं, म्हणून पहिल्यानंतरची दुसरी खेप सहसा दोनेक आठवड्यांतच येते. पस्तिसाव्या आठवड्यानंतर डॉप्लरवरचा खोटा इशाराही वाढतो. तेव्हा पुन्हा सुई घालण्यापेक्षा सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रसूती करणं बरं. अनेकदा रक्त मिळालेल्या बाळाचा रक्तगट जन्मल्यावर तपासला, तर ओ निगेटिव्ह येऊ शकतो, कारण अंगात फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेशी रक्तदात्याच्या असतात. त्याची स्वतःची मज्जा मंदावलेली असते, त्यामुळे पुढचे काही आठवडे त्याचं हिमोग्लोबिन नियमित तपासतात.