पहिल्या दिवसाची चिठ्ठी

नव्या सहकाऱ्यासाठी लिहिलेली स्वागताची चिठ्ठी म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज हे सगळे मनुष्यबळ विभाग पाहतो. चिठ्ठी लिहायची ती ज्याच्यासोबत रोजचे काम करायचे आहे त्याने, आणि तीही पहिल्या दिवसापुरती.

ही मर्यादा पाळणेच अवघड जाते. नवा माणूस आला की सगळे एकदम सांगून टाकावेसे वाटते: कंपनीचा इतिहास, पंधरा जणांची ओळख, नियमावली, चार सॉफ्टवेअरची माहिती. पण माणूस एका वेळी जेमतेम चारच नव्या गोष्टी मनात धरू शकतो, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये मांडला. त्यात पहिल्या दिवशी निम्मे लक्ष नवख्या जागेतच गुंतलेले असते.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात नवी सहकारी सोमवारी रुजू होणार आहे. तिला शनिवारी पाठवायची चिठ्ठी अशी असू शकते:

“नमस्कार. सोमवारी साडेनऊऐवजी दहाला या. सकाळी आमची बँकेची गडबड असते. रिसेप्शनवर माझे नाव सांगा, मी खाली येईन. दुपारपर्यंत मनुष्यबळ विभागाची कागदपत्रे होतील. एक वाजता आम्ही सगळे एकत्र जेवतो. डबा आणा किंवा कँटीनमध्ये घेऊ. दुपारनंतर मागच्या महिन्याची दहा बिले माझ्यासोबत तपासायची, एवढेच काम. काही अडले तर मला फोन करा. तुम्ही येताय याचा आनंद आहे.”

एवढ्यात वेळ, भेटणारा माणूस, जेवण आणि पहिले काम आले. जेवणाची ओळ किरकोळ वाटते, पण कुणासोबत बसायचे हा प्रश्न नवख्याला सर्वांत जास्त छळतो. दहा बिलांचे कामही मुद्दाम छोटे आहे: संध्याकाळपर्यंत काहीतरी पुरे होते आणि विभागाची पद्धत हाताखालून जाते. बाकीच्यांची नावे रोजच्या कामात, एकेक करून कळतील. संबोधन ‘तुम्ही’च बरे, ‘तू’वर यायचे की नाही, हे पुढे ओळख वाढल्यावर आपोआप ठरते. आणि ‘आमच्या कुटुंबात स्वागत’ हे वाक्य गाळलेलेच बरे, कारण अजून कुणी कुणाला भेटलेलेही नाही.

चिठ्ठी फसते ती बहुधा मजकुरामुळे नव्हे, तयारीमुळे. लॅपटॉप तयार असल्याचे लिहावे आणि लॉगिन दोन दिवसांनी मिळावे, यापेक्षा ते न लिहिलेले चांगले. म्हणून पाठवण्याआधी संगणक विभागाला एक फोन करावा. चिठ्ठी जमली की नाही, हे दुपारी कळते. नवी सहकारी बिलांबद्दल काही ना काही विचारत असेल, तर जमली. सगळ्याला नुसतेच ‘हो’ म्हणत असेल, तर बहुधा जास्त सांगून झाले आहे. मग मंगळवारची ओळखपरेड पुढे ढकलावी.