पगारातून उचल मागताय? आधी परतफेडीचा आकडा ठरवा

घरात कुणी अचानक आजारी पडलं की हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न डिपॉझिटचा येतो. बचत पुरत नाही, नातेवाइकांना फोन होतात आणि मग ऑफिसची आठवण येते. पण तिथे पैसे मागायचे म्हटलं की जीभ अडखळते. साहेब काय म्हणतील, सगळ्या ऑफिसभर होईल का, या विचारात एक-दोन दिवस निघून जातात. शेवटी घाईघाईत तोंडून निघतं, "सर, थोडी अडचण आहे, काहीतरी बघा ना. जमेल तसं फेडीन."

इथेच गाडी अडते. किती, कधीपर्यंत आणि परत कसे, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. साहेबांना पुढे अकाउंट्सला उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे तेही "बघू" म्हणून मोकळे होतात. मागण्याचा संकोच कमी करायचा असेल तर परतफेडीचा हिशेब घरूनच करून जा.

आधी कागदावर हिशेब

एक उदाहरण घेऊया. इंदूरच्या एका खासगी कंपनीत बिलिंगचं काम करणारी एक ताई. हातात येणारा पगार 28,000 रुपये. ऑगस्टमध्ये जळगावला तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलने खर्चाचा अंदाज दिला 1,10,000 रुपयांचा. विमा कंपनीने 60,000 मंजूर केले, ताईची बचत 12,000 आणि भावाचे 8,000. म्हणजे 80,000 ची सोय झाली, कमी पडतात 30,000. ऑफिसात मागायचे ते एवढेच. सगळ्या खर्चाचा आकडा सांगून "जितके देता येतील तितके द्या" म्हणू नका.

आता परतफेड. तिच्या घराचा महिन्याचा ठरलेला खर्च असा : भाडं 8,000, किराणा आणि गॅस 6,500, मुलाची फी 2,500, स्कूटरचा हप्ता 3,000, वीज-फोन-प्रवास 3,000. एकूण 23,000. उरतात 5,000. पण ऑपरेशननंतर आईची औषधं आणि फिजिओथेरपी सुरू राहणार, त्याचे तिने महिना 1,500 धरले. राहिले 3,500. त्यातून 3,000 चा हप्ता निघतो आणि दहा महिन्यांत 30,000 फिटतात.

अशा वेळी वाटतं की लवकर फेडतो म्हटलं तर साहेब पटकन हो म्हणतील. समजा ताईने तीन महिन्यांत 10,000 प्रमाणे फेडायचं कबूल केलं. मग हातात येणार 18,000 आणि खर्च 24,500. दर महिन्याला 6,500 कमी. म्हणजे दुसऱ्याच महिन्यात पुन्हा उचल मागायची वेळ, आणि तेव्हा मात्र शब्दाची किंमत राहत नाही. पाळता येईल असा लहान हप्ताच सांगा. दिवाळीचा बोनस मिळाला तर त्यातून जास्तीचे भरता येतील, पण शब्द देताना तो धरू नका.

कुणाला आणि कधी सांगायचं

ज्यांना तुम्ही रोज कामाचा हिशेब देता, त्यांना आधी सांगा. एचआर किंवा अकाउंट्सकडून त्यांना कळलं तर ते दुखावतात. छोट्या दुकानात किंवा कारखान्यात थेट मालकांशी बोला. चारचौघांत नको. "सर, घरच्या कामाचं पाच मिनिटं बोलायचं होतं," एवढं पुरे. गावी असाल तर फोन करा, पण फक्त मेसेज टाकून थांबू नका.

बऱ्याच ऑफिसांत महिनाअखेरीच्या काही दिवस आधीच पगाराची यादी बंद होते. पैसे कोणत्या दिवसापर्यंत हवेत हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते वेगळे द्यायचे की पगाराबरोबर, हे त्यांना ठरवता येतं. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. ताईचा अर्ज असा होता :

विषय : आईच्या ऑपरेशनसाठी पगारातून 30,000 रुपयांची उचल मिळण्याबाबत

माननीय महोदय,
माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले असून येत्या गुरुवारी जळगाव येथे तिचे ऑपरेशन आहे. एकूण खर्च अंदाजे 1,10,000 रुपये असून 80,000 रुपयांची सोय झाली आहे. उरलेल्या 30,000 रुपयांची उचल बुधवारपर्यंत मिळावी, ही विनंती.
परतफेडीसाठी सप्टेंबर ते जून या दहा महिन्यांच्या पगारातून दरमहा 3,000 रुपये कापून घ्यावेत. मध्येच नोकरी सोडल्यास शिल्लक रक्कम अंतिम हिशेबातून वळती करावी. हॉस्पिटलचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे.

यात रडगाणं नाही, घरातल्या बाकीच्या अडचणींची यादी नाही आणि "इतकी वर्षं इमानदारीने काम केलं" असा दबावही नाही. नोकरी सोडण्याचं वाक्य लिहायला जड वाटतं, पण देणाऱ्याच्या मनातली मुख्य शंका तीच असते. ऑफिसात हिंदी किंवा इंग्रजीत अर्ज द्यावा लागत असेल तरी मुद्दे याच क्रमाने ठेवा.

नाही म्हणाले तर

उचल दिलीच पाहिजे असं मालकावर बंधन नाही. त्यामुळे नकार आला तर वाद घालू नका, मागणी लहान करा. महिन्याची 18 तारीख असेल तर तुमचं 18 दिवसांचं काम झालेलं असतं. 28,000 पगाराला 30 दिवसांच्या हिशेबाने ते 16,800 रुपये होतात. "झालेल्या दिवसांचा पगार आधी मिळेल का?" हे विचारणं सोपं, कारण हे तुमच्याच कामाचे पैसे आहेत. फक्त महिनाअखेरीला तेवढे कमी येतील, हे घरखर्चात धरा.

पीएफ कापला जात असेल तर आई-वडील, जोडीदार किंवा मुलांच्या आजारपणासाठी त्यातून नियमानुसार रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. मात्र ती म्हातारपणाची पुंजी आहे, आणि अर्ज केल्यावर पैसे यायला काही दिवस जातात. उद्याच्या डिपॉझिटसाठी तिच्यावर विसंबू नका.

सही करण्याआधी

मंजुरी ईमेलवर किंवा कागदावर घ्या. त्यात रक्कम, हप्ता, पहिला आणि शेवटचा महिना असावा. व्याज लागणार का, हेही विचारून घ्या. कोरा चेक, कोऱ्या कागदावर सही किंवा मूळ प्रमाणपत्रं देऊ नका. एका पगारातून होणारी एकूण कपात साधारणपणे निम्म्या पगारापेक्षा जास्त नसावी, असा कायदा आहे. पीएफसारख्या कपातीही त्यातच मोजल्या जातात. म्हणून कुणी "पुढचा अख्खा पगार कापू" म्हणालं तर नम्रपणे हप्ते पाडून मागा.

पहिली कपात झाली की पगाराची स्लिप बघा. उचलीची कपात वेगळ्या ओळीत दिसायला हवी. मोबाइलमध्ये महिना, कापलेली रक्कम आणि शिल्लक अशी नोंद ठेवा. एखाद्या महिन्यात हप्ता झेपणार नाही असं दिसलं तर पगाराची यादी बंद होण्याआधी सांगा आणि तो हप्ता शेवटी जोडायला सांगा. पूर्ण रक्कम फिटली की अकाउंट्सकडून "बाकी शून्य" असं दोन ओळींत लिहून घ्या आणि ज्यांनी मंजुरी दिली त्यांनाही कळवा.