टायमरने हुकूम द्यावा, भार कॉन्टॅक्टरने उचलावा

शेतीपंपाची थ्री फेज लाइट काही वारी दिवसा येते, काही वारी रात्री. रात्रपाळीत विहिरीवर जाणं टळावं म्हणून बरेच शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. पण ऑटो स्विच फक्त लाइट आली की पंप सुरू करतो; पुरे झालं, थांब, हे त्याला कळत नाही. ठिबकाला पाणी मोजून लागतं, म्हणून टायमर हवा.

नारायणगाव परिसरातला एक एकर टोमॅटो धरू. दीड मीटरवर नळ्या, त्यांवर दर ४० सेंटिमीटरला तासाला दोन लिटरचा ड्रिपर. असे सुमारे ६,७०० ड्रिपर तासाला साडेतेरा हजार लिटर पाणी देतात. त्या दिवसांत पिकाला रोज चार मिलिमीटर पाणी लागत असेल, तर एकराला सोळा हजार लिटर झाले. म्हणजे पंप साधारण सव्वा तास चालायला हवा. डिजिटल टायमरमध्ये वारानुसार वेगळ्या वेळा लावता येतात, त्यामुळे दिवसपाळीच्या आणि रात्रपाळीच्या वारांना आपापला सव्वा तास द्यावा. टायमरला बॅटरी बॅकअप असावा, नाहीतर लाइट गेली की घड्याळही थांबतं.

हा टायमर थेट मोटरच्या वायरीत घालू नये. त्यावर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा सहसा हीटरसारख्या भारासाठी असतो. तीन एचपीची मोटर चालताना पाचेक अँपिअर घेते, मात्र सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट ओढते. शिवाय टायमर एकच फेज तोडतो, मोटरला तीन असतात. म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर. त्याच्या कॉइलला वीज मिळाली की तिन्ही फेज एकदम जोडले जातात. टायमरने फक्त या कॉइलला वीज द्यायची. कॉन्टॅक्टर घेताना त्यावरचा AC-3 हा मोटरसाठीचा आकडा बघावा. तीन एचपीला १२ अँपिअरचा पुरतो.

जुन्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतोच, पण त्याची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते आणि टायमरचा स्विच २५० व्होल्टपर्यंतचाच. तेव्हा कॉइल २४० व्होल्टची बदलून घ्यावी. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून करून घ्यावी.

खरी मेख कॉइलच्या वाटेत आहे. फेज आधी छोट्या फ्यूजमधून टायमरकडे जातो, तिथून सिंगल फेज प्रिव्हेंटरच्या संपर्कातून, मग ओव्हरलोड रिलेच्या 95-96 मधून कॉइलच्या A1 ला पोचतो. A2 न्यूट्रलला जातो. म्हणजे वेळ झाली, तिन्ही फेज आले आणि मोटरवर जादा भार नाही, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच पंप चालतो. प्रिव्हेंटर वगळला तर थ्री फेज बंद असताना उरलेल्या एका फेजवरही टायमर कॉइल ओढतो. मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि जळते. विहिरीचं पाणी तुटत असेल तर ड्राय रन रिलेचा संपर्कही याच वाटेत घालावा.

बांधावर न्यूट्रल नसला की कुणीतरी तो अर्थिंगवरून घेतो. हे कधीही करू देऊ नये. अर्थिंग सुटलं तर पेटीच्या पत्र्यावर वीज उतरते.

चाचणी घेताना आधी मोटरच्या वायरी सोडवून ठेवाव्यात. टायमर दोन मिनिटांनंतरच्या वेळेला लावावा. ON होताच कॉन्टॅक्टरचा ‘टक्’ आवाज यावा आणि OFF होताच तो सुटावा. सतत खडखडला तर व्होल्टेज कमी आहे किंवा जोड सैल आहे. मग एक फेज काढून बघावा. कॉन्टॅक्टर लगेच सुटला नाही, तर प्रिव्हेंटरची जोडणी चुकली आहे.

एक फरक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावा. बटणाच्या स्टार्टरवर लाइट गेली की पंप सुटतो आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत बंद राहतो. टायमरवर मात्र ठरलेल्या वेळेत लाइट परत आली की तो आपोआप सुरू होतो. म्हणून पंपाला किंवा फिल्टरला हात लावण्याआधी मेन स्विच पाडावा. चालू वेळेत सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद ठेवू नयेत. दाबाने जोड निखळतात.

टायमर वेळ मोजतो, पाणी नाही. सव्वा तासात चाळीस मिनिटं लाइट गेली तर टोमॅटोला निम्मंही पाणी मिळत नाही, तरी टायमर ठरल्या वेळीच पंप बंद करतो. त्यासाठी कॉइलच्या समांतर एक अवर मीटर लावावा. पंप खरोखर किती चालला ते त्यावर दिसतं, आणि राहिलेली मिनिटं पुढच्या पाळीत वाढवून देता येतात.