टोलचा वर्षाचा पास : घ्यावा की दर खेपेला भरावं?

माहेर पुण्याला, सासर साताऱ्याला. किंवा मुलगी हॉस्टेलवर, सासूबाईंची तपासणी दर महिन्याला. अशा कारणांनी घरची गाडी एकाच महामार्गावरून सारखी धावत असते आणि प्रत्येक नाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले जातात. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर खासगी कार, जीप, व्हॅनसाठी वर्षाचा पास मिळू लागला. सुरुवातीला त्याची किंमत ३००० रुपये ठेवली होती. ती बदलू शकते, म्हणून घेताना आजची रक्कम पाहून खालचा हिशेब करा.

हा पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल तोवर चालतो. पण फेरी म्हणजे ‘जाऊन-येऊन’ नव्हे बरं का! एक नाका एकदा ओलांडला की एक फेरी झाली. सातारा-पुणे रस्त्यावर आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन नाके लागतात. म्हणजे जाताना दोन, येताना दोन, अशा चार फेऱ्या एका खेपेत संपतात. २०० फेऱ्यांत पुण्याच्या ५० खेपा होतील.

आता पैशांचं बघू. समजा एका नाक्याचा टोल ८० आणि दुसऱ्याचा १२० आहे (तुमच्या नाक्यांचे खरे आकडे फास्टॅगच्या मेसेजमध्ये मिळतील). एका बाजूचे २०० झाले. मग जाऊन-येऊन ४००? इथेच बऱ्याच जणींचा हिशेब चुकतो. चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परतलं, तर दोन्ही वेळचे मिळून दीडपटच लागतात, म्हणजे ३००. सकाळी जाऊन रात्री परतणारीला दहा खेपांत पासचे ३००० वसूल होतात. मुक्काम करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारीला मात्र पूर्ण ४०० पडतात, म्हणून तिचा पास आठव्या खेपेलाच वसूल होतो.

महिन्यातून एकदा, त्याच दिवशी परतणारीचे वर्षाला ३६०० होतात. तिचे पासमुळे ६०० वाचतील. दर आठवड्याला जाणारीचे तर हजारो रुपये वाचतील. पण दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी आणि एखादं लग्न एवढ्यासाठीच जात असाल, तर पास घेऊच नका. न वापरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत मिळत नाहीत.

नाका कुणाचा आहे, हेही आधी बघा. हा पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या महामंडळाकडे आहेत, तिथे नेहमीसारखाच टोल कापला जातो. म्हणून साताऱ्याहून मुंबईला जाणारीने पुण्यापर्यंतचेच नाके हिशेबात धरावेत आणि पास असला तरी फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवावी.

आणि तुमचं घर नाक्याच्या अगदी जवळ असेल तर? रोज शाळेत शिकवायला जाणाऱ्या बाईंना एकच नाका दिवसातून दोनदा ओलांडावा लागतो. त्यांच्या २०० फेऱ्या शंभर दिवसांत संपतील. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी, सर्व्हिस रोड किंवा दुसरा रस्ता नसेल तर, त्या एका नाक्याचा स्थानिक मासिक पास असतो. २०२५-२६ मध्ये तो ३५० रुपयांना होता. वर्षाचे ४२०० झाले, पण फेऱ्यांचं बंधन नाही. वर्षाचे पास मात्र दोन-तीन घ्यावे लागले असते. अशा बाईंनी आधार कार्ड आणि गाडीचं आरसी बुक घेऊन नाक्यावरच चौकशी करावी.

पास घ्यायचं ठरलंच, तर तो ‘Rajmargyatra’ या अ‍ॅपवर किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या वेबसाइटवरच घ्या. मेसेजमधून आलेल्या लिंकवर पैसे भरू नका. फास्टॅग काचेवर नीट चिकटवलेला हवा आणि गाडीच्या नंबरवर नोंदलेला हवा. नवीन गाडीचा टॅग कधी कधी फक्त चॅसी नंबरवर असतो, त्यावर पास मिळत नाही. पासचे पैसे फास्टॅगच्या शिल्लकेतून वळते होत नाहीत, वेगळे भरावे लागतात. पास त्याच गाडीपुरता असतो, जावेच्या गाडीला लावला तर बंद पडेल. टॅक्सी परवान्याच्या गाडीला तर तो मिळतच नाही.

पास सुरू झाल्यावर पहिल्या नाक्यानंतर आलेला मेसेज जरूर वाचा. शून्य रुपये कापल्याचं दिसलं, तर पास चालू आहे. पूर्ण टोल कापला गेला असेल, तर आधी तो नाका पासमध्ये बसतो का ते पाहा आणि बसत असेल तर १०३३ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.