+१ म्हणजे अमेरिकाच, असं नाही

न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या गावांमध्ये भारतीय वस्ती मोठी आहे, त्यात मराठी घरंही भरपूर. तिथले फोन नंबर +१ ७३२ किंवा +१ ८४८ या आकड्यांनी सुरू होतात. समजा, तुमची मुलगी तिथे राहते आणि तिचा नंबर +१ ८४८ चा आहे. एके सकाळी फोन बघता, तर +१ ८४९ वरून मिस्ड कॉल येऊन गेलेला. सुरुवात तर सारखीच दिसते. तिच्या ऑफिसचा असेल, शेजारणीचा असेल, असं वाटून आपण तो नंबर लावायला जातो. पण ८४८ आणि ८४९ मध्ये फरक फक्त एका आकड्याचा असला, तरी दुसरा नंबर न्यू जर्सीचा नाही. तो अमेरिकेचाच नाही. तो आहे कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिक या स्वतंत्र देशाचा, आणि भारतातून तिथे बोलण्याचा दर अमेरिकेच्या दरापेक्षा सहसा बराच जास्त असतो.

आपल्याला सवय आहे ती एका देशाला एक कोड असण्याची. भारताचा ९१, नेपाळचा ९७७, श्रीलंकेचा ९४. मग +१ मध्ये अमेरिका, कॅनडा, जमैका, बार्बाडोस, ट्रिनिडॅड असे वीसेक देश एकत्र कसे आले? याचं कारण कालक्रमात आहे. देशांना कोड वाटण्याची जागतिक पद्धत १९६० च्या दशकात ठरली. उत्तर अमेरिकेतली व्यवस्था मात्र त्याआधीच उभी राहिली होती.

अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९४७ मध्ये अमेरिका आणि कॅनडा मिळून ८६ विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाला तीन आकड्यांचा एरिया कोड दिला. दोन्ही देशांची टेलिफोन यंत्रणा तांत्रिकदृष्ट्या एकमेकींत इतकी गुंतलेली होती, की मधली सरहद्द तारांच्या दृष्टीने नव्हतीच. पुढे १९५८ मध्ये बर्म्युडा आणि कॅरिबियन बेटांसाठी मिळून ८०९ हा एकच कोड ठेवण्यात आला. त्यातली बरीच बेटं तेव्हा ब्रिटिश वसाहती होत्या. स्वतंत्र देश म्हणून त्यांची वेगळी मागणी असण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने जगाचे विभाग पाडले, तेव्हा या सगळ्या गोतावळ्याला मिळून १ हा आकडा मिळाला. बेटं पुढे एकेक करून स्वतंत्र झाली, पण फोनचा नंबर जुनाच राहिला.

एकदा दिलेला १ नंतर फोडताही येत नाही. एक्सचेंज नंबर डावीकडून उजवीकडे, आकड्यामागून आकडा वाचतं. पहिला आकडा १ आला की त्याला कळतं, देशाचा कोड इथे संपला. त्यामुळे १ ने सुरू होणारा १२ किंवा १४७ असा दुसऱ्या कुठल्या देशाचा कोड असूच शकत नाही. जमैकाला वेगळं व्हायचं असेल तर पूर्ण नवा कोड घ्यावा लागेल, आणि देशातल्या प्रत्येक दुकानाची पाटी, प्रत्येक लेटरहेड बदलावं लागेल. त्यात शेजारच्या अमेरिकेशी बोलण्याची सोय जाणार. उलट काही प्रदेश नंतर या गोतावळ्यात मुद्दाम शिरले आहेत. प्रशांत महासागरातलं ग्वाम हे अमेरिकेचं बेट. त्याचा पूर्वी +६७१ असा स्वतंत्र कोड होता. १९९७ मध्ये ते +१ ६७१ झालं, म्हणजे अमेरिकेशी बोलणं हा देशांतर्गत कॉल ठरला. शेजारची उत्तर मारियाना बेटं त्याच वर्षी +६७० सोडून +१ ६७० वर आली. मोकळा झालेला +६७० पुढे पूर्व तिमोरला मिळाला. म्हणून ६७० च्या आधी १ आहे की नाही, हे बघितल्याशिवाय फोन कुठून आला ते सांगता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. ८४८ न्यू जर्सीत आणि ८४९ डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, असे शेजारचे आकडे इतक्या लांब का पडले? १९४७ च्या योजनेत एरिया कोडचा मधला आकडा ० किंवा १ च असायचा. न्यूयॉर्क २१२, शिकागो ३१२, तसंच हे ८०९. स्थानिक नंबरांत त्या जागी ० किंवा १ येत नसे, म्हणून यंत्राला दोन्हींतला फरक ओळखता येई. पण अशा मर्यादेत एरिया कोड दीडशेच्या आतच बसतात. फॅक्स, पेजर, मोबाइल आले, नव्या टेलिफोन कंपन्या आल्या, आणि प्रत्येक कंपनीला गावागावात दहा-दहा हजार नंबरांचे गट द्यावे लागले. साठा संपला. मग १९९५ पासून मधल्या जागी कुठलाही आकडा चालेल असं ठरलं.

नेमक्या त्याच सुमारास ८०९ मधली बेटंही वेगवेगळे कोड घेऊ लागली. अमेरिकेतली भरलेली शहरं आणि बेटं, दोघांनाही एकाच साठ्यातून कोड मिळाले. बेटांनी शक्य तिथे जुन्या फोनच्या बटणांवरची इंग्रजी अक्षरं बघून आपल्या नावाशी जुळणारा आकडा निवडला. टी-एन-टी दाबलं की ८६८ येतो, तो ट्रिनिडॅड अँड टोबॅगोचा. बी-एच-ए म्हणजे २४२, बहामाजचा. जी-आर-ई म्हणजे ४७३, ग्रेनाडाचा. डोमिनिकन रिपब्लिककडे जुना ८०९ राहिला आणि नंतर नंबर कमी पडले तेव्हा ८२९ आणि ८४९ ची भर पडली. भूगोल बघून क्रमाने कोड कुणी दिलेच नाहीत. त्यामुळे ८६५ अमेरिकेतल्या टेनेसीत, ८६६ उत्तर अमेरिकेतला टोल-फ्री, ८६७ कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत, ८६८ ट्रिनिडॅडमध्ये आणि ८६९ सेंट किट्स अँड नेव्हिसमध्ये असा प्रकार झाला. आकडे जवळचे म्हणून जागा जवळची, हा अंदाज +१ च्या बाबतीत पूर्ण सोडून द्यावा.

तर +१ चा नंबर आला की १ नंतरचे तीन आकडे वेगळे काढायचे. ते आपल्या माणसाच्या नंबरातल्या तीन आकड्यांशी एकेक करून ताडून बघायचे. नुसती नजर टाकून भागत नाही. नाही जुळले, तर ते तीन आकडे शोधायचे. उत्तर अमेरिकेच्या नंबरांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या nanpa.com या संकेतस्थळावर कोणता एरिया कोड कुठला, ते मिळतं. ८००, ८३३, ८४४, ८५५, ८६६, ८७७ किंवा ८८८ आला तर तो टोल-फ्री नंबर. त्यावरून कुठलीच जागा कळत नाही. बाकी बहुतेक कोडांवरून देश कळतो, आणि अमेरिका किंवा कॅनडा असेल तर राज्य किंवा प्रांतही.

फोन कधी आला, हीदेखील एक खूण आहे. आपल्याकडे सकाळी अकरा वाजता न्यू जर्सीत मध्यरात्र उलटलेली असते, पण ग्वाम आपल्या साडेचार तास पुढे आहे, तिथे तेव्हा दुपारचे साडेतीन झालेले असतात. +१ चा माणूस नेहमी आपल्या मागे असतो, हेही खरं नाही.

सामायिक कोड +१ पुरता मर्यादित नाही. +७ हा संपूर्ण सोव्हिएत संघाचा होता. संघ १९९१ मध्ये फुटल्यावर युक्रेनने ३८०, उझबेकिस्तानने ९९८ असे वेगळे कोड घेतले. रशिया आणि कझाकस्तान मात्र +७ वरच राहिले. इथे ओळख +१ पेक्षा सोपी आहे, कारण ७ नंतरचा पहिलाच आकडा पुरतो. ६ किंवा ७ असेल तर कझाकस्तान. रशियाचे नंबर त्या जागी ३, ४, ८ किंवा ९ घेतात, आणि ९ म्हणजे तिथला मोबाइल. +४४ मध्ये ब्रिटनबरोबर जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन ही बेटं आहेत, जी ब्रिटिश राजसत्तेखाली असली तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत. +४४ १५३४ दिसलं तर जर्सी, १४८१ तर गर्न्सी, १६२४ तर आइल ऑफ मॅन. व्हॅटिकनसाठी ३७९ हा कोड राखून ठेवलेला आहे, पण तिथले फोन रोमच्याच जाळ्यात, +३९ ०६ ६९८ ने चालतात.

या सगळ्यातून कळतं ते नंबर कुठल्या देशाच्या साठ्यातला आहे, एवढंच. माणूस कुठे बसला आहे, हे त्यातून कळत नाही. अमेरिकेत मोबाइलला लँडलाइनपेक्षा वेगळे आकडे नसतात, आणि नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते. एडिसनमध्ये शिकताना घेतलेला ८४८ चा नंबर घेऊन मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीला गेली, तरी नंबर ८४८ च राहतो. रोमिंगवर ती सुट्टीला नागपुरात आली, तरी तोच. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन सेवांमध्ये तर अमेरिकेत पाय न ठेवताही न्यूयॉर्कचा नंबर मिळतो.

याहून वाईट म्हणजे स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटाही असू शकतो. कॉल करणाऱ्याच्या बाजूने जो नंबर पाठवला जातो तोच आपल्याला दिसतो, आणि तो बदलून पाठवण्याची सोय भामट्यांकडे असते. अमेरिकेत २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या जाळ्यातल्या कॉलवर नंबर खरा असल्याची डिजिटल खूण लावावी लागते, पण ती खूण देशाबाहेर, आपल्या फोनपर्यंत पोचेलच असं नाही. त्यामुळे एरिया कोड ओळखीचा निघाला म्हणजे फोन ओळखीच्याचा, असं धरू नये.

एकदाच वाजून बंद होणाऱ्या कॉलबद्दल विशेष सावध राहावं. त्या फसवणुकीला वांगिरी म्हणतात. कॉल लावणाऱ्याला आपण उचलावं असं वाटतच नसतं. आपण उलट फोन करावा, एवढीच त्याची इच्छा असते. आपण महागड्या ठिकाणी फोन लावला की त्या पैशाचा काही वाटा पलीकडच्या कंपनीमार्फत त्याच्यापर्यंत पोचतो, म्हणून पलीकडे बराच वेळ संगीत किंवा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवत ठेवतात. अमेरिकन लोक ८०९ च्या नंबरांना १९९० च्या दशकापासून फसत आले आहेत. त्यांना तर तो नंबर लावताना परदेशासाठीचा वेगळा आकडाही फिरवावा लागत नाही, त्यामुळे आपण देशाबाहेर फोन करतोय हे बिल येईपर्यंत कळत नाही. आपल्याला + दिसतो म्हणून परदेश हे कळतं. कुठला परदेश, ते त्यापुढच्या तीन आकड्यांत असतं.

तेव्हा +१ ८४९ च्या त्या मिस्ड कॉलला उलट फोन न करता मुलीला तिच्या नेहमीच्या नंबरावर, नाहीतर व्हॉट्सॲपवर विचारावं. तिच्या ओळखीचं कुणी सुट्टीसाठी डोमिनिकन रिपब्लिकला गेलं असेल, तर ती सांगेल. नसेल, तर नंबर ब्लॉक करावा आणि फसवणुकीचा संशय असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर ‘चक्षु’ या सदरात कळवावं. तिथे नंबर, तारीख आणि वेळ विचारतात, म्हणून ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवावा.