नऊ सेकंदांचा हिशेब

दशलक्षण पर्वातील नवव्या दिवसाचे प्रवचन. विषय उत्तम आकिंचन्य. सभागृहात बसलेल्या श्रावक-श्राविकांना पंडितजींचा शब्द न् शब्द कळतो. तेच ध्वनिचित्रण परदेशात वाढणाऱ्या नातवंडांच्या घरी लावले, की मुले पाच मिनिटांत उठून जातात, कारण त्यांना मराठी बोलणे थोडेफार समजत असले तरी प्रवचनाची मराठी समजत नाही. हे पाहून सांगलीतील एका निवृत्त शिक्षिकेने दहाही प्रवचनांना इंग्रजी सबटायटल्स करण्याचे काम अंगावर घेतले. त्यांचे इंग्रजी उत्तम, मराठी तर मातृभाषाच, आणि दुपारचे दोन तास रोज मोकळे. भाषांतर आपल्याला सहज जमेल, अशी त्यांची समजूत होती. पहिल्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आले, की येथे शब्दांइतकाच सेकंदांचाही हिशेब मांडावा लागतो.

पुस्तकाचा वाचक हवे तेथे थांबू शकतो आणि मागचे पान उलटू शकतो. पडद्यावरील ओळ मात्र ठरल्या क्षणी येते आणि ठरल्या क्षणी जाते. म्हणून या व्यवसायात काही मर्यादा पाळल्या जातात. इंग्रजी सबटायटलच्या एका ओळीत सुमारे ४२ अक्षरे बसवतात. त्यात मोकळ्या जागा व विरामचिन्हेही धरतात. एका वेळी दोनच ओळी दाखवतात. त्या निदान एक सेकंद आणि फार तर सात सेकंद पडद्यावर राहतात. वाचनाचा वेग सेकंदाला साधारण १७ अक्षरे धरण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. काही संस्था थोडा अधिक वेग चालवून घेतात, परंतु प्रवचनासारख्या विचारप्रधान विषयाला १७ हाच आकडा सोयीचा.

एका वाक्याची कथा

आकिंचन्याच्या प्रवचनातील एक वाक्य असे होते : “आपण वस्तू वापरतो असं आपल्याला वाटतं, पण खरं म्हणजे, बघा, वस्तूच आपल्याला वापरत असतात; कपाट भरलं म्हणजे मन भरत नाही, उलट त्या कपाटाची किल्ली सांभाळण्यातच दिवस जातो.” हे बोलायला पंडितजींना नऊ सेकंद लागले. बाईंनी त्याचे शब्दशः इंग्रजी केले, तेव्हा अक्षरे भरली दोनशेहून थोडी अधिक. सेकंदाला १७ या हिशेबाने नऊ सेकंदांत जागा होती १५३ अक्षरांची. म्हणजे पन्नासेक अक्षरे कमी करणे भाग होते.

येथे नवखा माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर तो सर्व मजकूर कोंबतो आणि प्रेक्षकाचे वाचन अर्ध्यावर राहते, नाही तर वाक्याचा उत्तरार्धच गाळून टाकतो. खरा मार्ग वेगळा आहे. आधी बोलण्यातील टेकू काढावेत. “बघा”सारखे शब्द कानाला हवेत, डोळ्याला त्यांची तेवढी गरज नसते, कारण वक्त्याचा चेहरा आणि हातवारे समोर दिसतच असतात. मग लांब वाक्य जेथे श्वास घेते तेथे तोडावे. या वाक्यातील श्वास “वापरत असतात” नंतर होता. त्यामुळे त्याची दोन सबटायटल्स झाली :

```
41
00:06:12,400 --> 00:06:16,300
We think we use our things.
In truth, they use us.

42
00:06:16,400 --> 00:06:21,400
A full cupboard does not fill the heart.
We only spend the day guarding the key.
```

सबटायटलची फाइल एवढी साधी असते : क्रमांक, आरंभ व शेवट यांची वेळ, आणि मजकूर. स्वल्पविरामानंतरचे आकडे हे सेकंदाचे हजारावे भाग होत. दोन सबटायटल्सच्या मध्ये सेकंदाचा दहावा हिस्सा रिकामा ठेवला आहे, तो ओळ बदलल्याचे डोळ्याला जाणवावे म्हणून. दुसऱ्या सबटायटलमध्ये ७९ अक्षरे आहेत व वेळ पाच सेकंद, म्हणजे वेग १६ च्या आत राहिला.

मात्र या चार ओळी पहिल्या बैठकीत उतरल्या नव्हत्या. मन या शब्दासाठी बाईंनी प्रथम ‘माइंड’ योजला होता. परंतु मराठीत मन भरणे म्हणजे तृप्त होणे, तर इंग्रजीत ‘माइंड’ भरतो तो विचारांनी. म्हणून तेथे ‘हार्ट’ आला. शेवटी त्यांनी ‘इट्स की’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी वाचताना दिसले, की ‘इट्स’चा संबंध कपाटाशी न लागता लगतच्या ‘हार्ट’शी लागतो आणि प्रेक्षक हृदयाची किल्ली शोधत बसेल. एक सर्वनाम काढले आणि अर्थ जागेवर आला. अशा चुका लिहितानाच्या बैठकीत दिसत नाहीत, एक रात्र मध्ये गेल्यावरच दिसतात. या कामाला एकदम दहा तास असण्यापेक्षा रोजचे दोन तास असणे हितावह ते याचसाठी.

कोशातला शब्द आणि शास्त्रातला शब्द

धार्मिक मजकुरात खरी परीक्षा परिचित शब्दांची असते. दहा धर्मांपैकी उत्तम शौच घ्या. सामान्य शब्दकोश या शब्दाला इंग्रजीत स्वच्छता असा अर्थ देतो, आणि आजच्या बोलीतील अर्थ तर सांगायलाच नको. प्रवचनातील शौच म्हणजे लोभापासून मुक्त झालेल्या मनाची शुचिता. तेथे ‘क्लीनलीनेस’ लिहिले, तर मुले हात धुण्याविषयीचे प्रवचन ऐकल्यासारखी ऐकतील. बाईंनी ‘प्युरिटी’ हा शब्द घेतला आणि पहिल्या उल्लेखात लोभमुक्तीचा निर्देश जोडला.

योग या शब्दाचेही तसेच. आपल्या तत्त्वार्थसूत्रात मन, वचन व काया यांच्या क्रियेला योग म्हटले आहे आणि तो आस्रवाचे द्वार मानला आहे. इंग्रजीत ‘योगा’ लिहिले, की प्रेक्षकाला आसने आठवतात. मग योगाचा निरोध करावा, हे विधान त्याला व्यायाम बंद करण्याचा उपदेश वाटते. येथे शब्द तोच न ठेवता ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ असा अर्थ देणेच योग्य.

सल्लेखना या शब्दाबाबत तर फार जपावे लागते. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा आत्महत्येच्या कक्षेत येतो असा निर्णय दिला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शब्दाचा अर्थ कोणत्या चौकटीत बसवला जातो, यावर किती अवलंबून असते, हे समाजाने तेव्हा अनुभवले. ‘फास्ट अन्टू डेथ’ हे शब्द सबटायटलमध्ये सहज बसतात, पण ते आमरण उपोषणाचे, म्हणजे मागणी मान्य करवून घेण्याच्या हत्याराचे, चित्र उभे करतात. बाईंनी मूळ शब्द रोमन लिपीत तसाच ठेवला आणि पहिल्या वेळी, वक्ता थांबला होता त्या तीन सेकंदांत, व्रताचा छोटा खुलासा बसवला. जागा नसेल तर ती वक्त्याच्या विरामात शोधायची, ही या कामातील मोठी युक्ती आहे.

असे निर्णय एका वहीत नोंदवावे लागतात. तिसऱ्या दिवशीच्या प्रवचनात ‘प्युरिटी’ आणि आठव्या दिवशी दुसराच शब्द आला, तर प्रेक्षकाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. बाईंची वही चार रकान्यांची होती : मूळ शब्द, इंग्रजी शब्द, प्रथम कोठे आला, आणि कोणाला विचारून ठरवला.

इंग्रजीतून मराठीत येताना

पुढे त्यांच्याकडे नेत्रदानावरील एक इंग्रजी माहितीपट मराठीसाठी आला. तेथे अडचण उलटी. इंग्रजीतील ‘यू’ एकच, मराठीत मात्र तू, तुम्ही की आपण, हे प्रत्येक पात्रासाठी आधी ठरवावे लागते. डॉक्टर वृद्ध रुग्णाशी बोलताना पहिल्या दृश्यात तुम्ही आणि तिसऱ्यात तू म्हणाले, तर सारा चित्रपट खोटा वाटतो. शिवाय संगणकाची अक्षरमोजणी मराठीत फसवी ठरते. ‘स्त्री’ हे डोळ्याला एकच जोडाक्षर, पण संगणक त्याचे सहा घटक मोजतो. म्हणून आकड्यावर विसंबून न राहता ओळ दिसेपर्यंत ती मनात सावकाश वाचून होते की नाही, हे घड्याळ लावून पाहणे बरे.

कोठे बिघडते

सबटायटल एडिट हे विनामूल्य संगणकीय साधन या कामाला पुरते. फाइल साठवताना UTF-8 हा पर्याय निवडला नाही, तर देवनागरी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. दुसरा दोष वेळ सरकण्याचा. काम झाल्यावर ध्वनिचित्रणाचा आरंभ व शेवट दोन्ही तपासावेत. दोन्हीकडे सारखाच फरक असेल, तर आरंभीचा काही भाग कापला वा जोडला गेला आहे, आणि सर्व वेळा एकदम पुढे-मागे केल्याने काम भागते. आरंभी फरक नाही आणि शेवटी मोठा आहे, तर चित्रांची गती बदललेली असते. सेकंदाला २५ चित्रांच्या गतीवर केलेली फाइल २३.९७६ च्या चित्रणाला लावली, तर दहा मिनिटांत सुमारे पंचवीस सेकंदांचे अंतर पडते. अशा वेळी केवळ सरकवून उपयोग नाही, त्या साधनातील गती बदलण्याची सोय वापरावी लागते.

अनुमती आणि मोबदला

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे भाषांतर करण्याचा हक्क मूळ कृतीच्या हक्कधारकाचा असतो, आणि जाहीर व्याख्यानाचा प्रथम हक्क व्याख्यात्याचा. म्हणून घरगुती हेतूपलीकडे प्रसारण करायचे तर लेखी अनुमती आधी घ्यावी. व्यवसाय म्हणून काम घेताना भाषांतराचा दर बहुधा शब्दामागे आणि सबटायटलचा कार्यक्रमाच्या मिनिटामागे ठरतो. दर मान्य करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न असे : वेळा बसवण्याचे काम कोणाचे, मूळ संहिता मिळणार की ऐकून लिहायची, आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत. ऐकून लिहायचे असेल तर श्रम जवळजवळ दुप्पट होतात. काम देण्यासाठी जो नोंदणी शुल्क वा अनामत मागतो, त्याच्याकडे काम नसते.

बाईंचा वेग दोन तासांच्या बैठकीत पाच मिनिटांच्या चित्रणाचा होता. वीस मिनिटांची दहा प्रवचने म्हणजे दोनशे मिनिटे, आणि बैठका चाळीस. शेवटी त्यांनी प्रत्येक प्रवचन आवाज बंद करून नातीला दाखवले. नवव्या प्रवचनात ती एकदाही मागे गेली नाही. कपाट आणि किल्लीच्या ओळी गेल्यावर मात्र तिने चित्रण थांबवले आणि विचारले, “आजी, पंडितजींच्या घरी कपाट आहे का?” ओळी वाचून झाल्या होत्या, आणि त्या पोहोचल्याही होत्या.