घोटा मुरगळला की मोडला?

पायरी चुकली किंवा पाय खड्ड्यात पडला की बहुधा पाऊल आतल्या बाजूला वळते आणि शरीराचा सारा भार बाहेरच्या घोट्यावर येतो. तिथे घोट्याचे हाड पावलाच्या हाडांशी अस्थिबंधांनी बांधलेले असते. हे चिवट पट्टे ताणले जातात किंवा फाटतात, त्यालाच पाय मुरगळणे म्हणतात. फाटलेल्या पट्ट्यातून रक्त झिरपते, त्यामुळे अर्ध्या-एक तासात सूज चढते आणि पुढे कातडी काळीनिळी पडते. मात्र सूज किती आली यावरून हाड मोडले की नाही हे ठरत नाही. नुसत्या मुरगळण्यानेही घोटा लिंबाएवढा फुगतो आणि हाडाला तडा गेला असूनही सूज बेताची असू शकते.

सर्वांत आधी पाय नीट पाहावा. पाऊल वाकडे दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, बोटे गार वा पांढरी पडली असतील किंवा बधिर झाली असतील, तर पाय ओढून सरळ करू नये. जखम स्वच्छ कापडाने झाकावी, पायाभोवती उशी गुंडाळून ती हलक्या हाताने बांधावी आणि रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.

असे काही नसेल तर पायावर भार देणे थांबवावे. बर्फाचे खडे रुमालात किंवा पातळ टॉवेलात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटे घोट्यावर धरावेत आणि पहिले दोन-तीन दिवस दर दोन-तीन तासांनी हे पुन्हा करावे. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये, तिला इजा होते. त्यानंतर क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून घोट्याच्या वरपर्यंत गुंडाळावे. बोटे निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर ते घट्ट झाले आहे असे समजून सोडावे आणि सैल बांधावे. झोपताना बँडेज काढावे आणि पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवावा.

घरोघरी होणारी चूक म्हणजे लगेच तेल लावून चोळणे, गरम पाण्याने शेकणे किंवा कुणाकडून तरी पाय ‘बसवून’ घेणे. उष्णतेने रक्तप्रवाह वाढून सूज वाढते. चोळण्याने आणि ओढण्याने फाटलेला पट्टा आणखी फाटतो, आणि हाडाला तडा असेल तर तो सरकू शकतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालिश दोन्ही टाळावेत.

एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२मध्ये एक साधी पद्धत मांडली. ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात दोन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे चालणे: दुखापत झाल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवा. लंगडत टाकलेली पावलेही धरली जातात. दुसरी गोष्ट म्हणजे हाड दाबल्यावर होणारी वेदना. बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाचे टोक आणि तिथून वर सहा सेंटिमीटरपर्यंतची मागची कड बोटाने दाबून पाहतात. पावलावरही दोन जागा आहेत: बाहेरच्या कडेला टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर लागणारा हाडाचा उंचवटा, आणि आतल्या घोट्याच्या थोडे पुढे व खाली असलेले हाड. यांपैकी एका जागी जरी हाड दाबल्यावर दुखले तरी एक्स-रे काढतात.

समजा, एसटीतून उतरताना एका बाईंचा पाय मुरगळला. त्या लंगडत घरी आल्या, सूजही थोडीच आहे. दोन्ही घोट्यांची हाडे दाबली तरी दुखत नाही, फक्त बाहेरच्या घोट्याच्या पुढे-खाली मऊ भागात दुखते. इथवर हे मुरगळणेच वाटते. पण पावलाच्या बाहेरच्या कडेचा तो उंचवटा दाबताच त्या कळवळतात. करंगळीच्या मागचे लांब हाड पाऊल आत वळताना याच जागी ओढले जाऊन मोडू शकते. चालता येत असले तरी त्यांना एक्स-रे हवा. तिथेही दुखले नसते, तर घरचे उपचार पुरेसे ठरले असते.

ही पद्धत सर्वांना लागू होत नाही. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना आणि दारूच्या अमलाखाली असलेल्यांना वेदना नीट कळत नाही, तर लहान मुलांना ती नेमकी सांगता येत नाही. अशांना डॉक्टरांकडे नेणेच योग्य. इतरांनीही पाच-सात दिवसांत दुखणे कमी झाले नाही, किंवा भार देता येत नसेल, तर पुन्हा तपासून घ्यावे. सुधारणा होत असेल तर दोन-तीन दिवसांनी दुखणार नाही इतपत घोटा वर-खाली हलवायला लागावे. फार काळ बांधून ठेवलेला घोटा ताठतो.